पेबॅक काढताना कुठे चुकतं: तीन वर्षांत सुटणारं मशीन आणि आठ वर्षांत सुटणारं सोलर

इंदूरला सांवेर रोडच्या औद्योगिक भागात एका मराठी कुटुंबाचा शेव-नमकीनचा कारखाना आहे. लौंगसेव, खट्टा-मीठा, थोडा चिवडा. हिशेब काकू पाहतात, भट्टी आणि माल मुलगा पाहतो. गेल्या वर्षी त्यांच्यापुढे दोन प्रस्ताव होते: पाउच पॅकिंगचं मशीन घ्यायचं, की शेडच्या छतावर २० किलोवॉटचं सोलर बसवायचं. दोन्ही एकदम झेपणार नव्हतं. काकूंचा नियम सरळ होता, "तीन वर्षांत पैसे सुटले पाहिजेत, नाहीतर नको." त्या नियमाने मशीन पास झालं आणि सोलर नापास. मग मी तोच हिशेब व्याज धरून मांडला, तेव्हा मशीन नापास झालं आणि सोलरही घरच्यांना नापासच वाटलं. दोन्ही वेळा उत्तर चुकीचं वाचलं जात होतं, आणि दोन्ही वेळा चूक वेगळ्या ठिकाणी होती.

हिशेब तपासायला येणाऱ्या बहुतेक कागदांत मला ह्याच दोन चुका दिसतात. म्हणून हे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण टप्प्यांचा क्रम बदलू नका. पेबॅक म्हणजे गुंतवलेले पैसे सुटायला लागणारा काळ, आणि तो काढण्यातल्या निम्म्या चुका नुसत्या क्रम चुकल्यामुळे होतात.

## टप्पा १: कागद जमवा, विक्रेत्याचा तक्ता बाजूला ठेवा

कॅल्क्युलेटर उघडण्याआधी चार गोष्टी टेबलावर हव्यात. जीएसटी वेगळा दाखवलेलं कोटेशन, मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं, मजुरीचं रजिस्टर, आणि मुदत कर्जासाठी बँकेने लेखी कळवलेला व्याजदर. मशीनवर बाहेरचा माल पॅक करून देणार असाल, म्हणजे जॉबवर्क, तर तो कोण देणार आणि किती दिवस देणार हे त्या माणसाशी बोलून लिहून घ्या.

विक्रेत्याने काकूंना एका पानाचा तक्ता दिला होता. मशीनची किंमत ६,५०,००० रुपये, पहिल्या वर्षाची बचत ३,००,०००, म्हणून "पेबॅक फक्त २ वर्षं २ महिने". भागाकार बरोबर आहे. पण वरची रक्कम अपुरी आहे आणि खालची रक्कम फक्त पहिल्या वर्षाची आहे. पुढचे दोन टप्पे ह्या दोन रकमा दुरुस्त करण्यासाठीच आहेत.

## टप्पा २: आज खिशातून जाणारी पूर्ण रक्कम काढा

मशीन चालू होऊन पहिलं विकण्याजोगं पाउच बाहेर पडेपर्यंत जो पैसा जातो, तो सगळा गुंतवणुकीत धरायचा. काकूंच्या मशीनची यादी अशी निघाली:

- मशीन, जीएसटी वगळून: ६,५०,०००
- कॉम्प्रेसर आणि थ्री-फेज वायरिंग: ६०,०००
- पाउचच्या रोलवर छपाईसाठी नवे सिलिंडर: ५०,०००
- सेटिंग करताना वाया जाणारा रोल आणि माल: ४०,०००

एकूण ८,००,०००. सिलिंडर आणि ट्रायलचा माल विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो, कारण तो खर्च त्याच्याकडे होत नाही. मुलाला हे माहीत होतं, पण "तो तर चालू खर्च" म्हणून त्याने धरलं नव्हतं. मशीन घेतल्याशिवाय जो खर्च झालाच नसता, तो गुंतवणुकीचा भाग आहे.

जीएसटी का वगळला? कोटेशनची बेरीज ७,६७,००० होती, त्यात १,१७,००० जीएसटी होता आणि कारखान्याला तो इनपुट क्रेडिट म्हणून परत वळता येत होता. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर हे क्रेडिट मिळत नाही, मग जीएसटीसकट किंमत धरा.

सोलरचा खर्च, स्ट्रक्चर, इन्व्हर्टर, नेट मीटर आणि बसवणी धरून, १०,००,००० रुपये आला.

सावध: पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. घरच्या छतासाठी आलेलं कोटेशन कारखान्याच्या हिशेबात चिकटवू नका.

## टप्पा ३: वर्षवार रोख लिहा, सरासरी नको

आता प्रत्येक वर्षी हातात किती रोख उरेल ते एकाखाली एक लिहायचं. "दरवर्षी साधारण एवढे" असं लिहिलंत की पुढचा सगळा हिशेब पोकळ होतो.

मशीनची तीन खाती होती. मजुरी दरवर्षी १,२०,००० वाचणार होती. शेजारच्या दोन छोट्या कारखान्यांचं जॉबवर्क पहिली दोन वर्षं प्रत्येकी २,००,००० देणार होतं. पण ते लोक स्वतःच मशीन शोधत होते, म्हणून तिसऱ्या वर्षी १,२०,०००, चौथ्या वर्षी ६०,००० आणि पाचव्या वर्षी शून्य धरलं. तिसरं खातं दुरुस्तीचं. पहिली दोन वर्षं २०,०००, मग ४०,०००, ८०,००० आणि १,००,०००, कारण सीलिंगचे जॉ, हीटर आणि कटर ह्याच क्रमाने खर्चाला लागतात. पाचव्या वर्षाअखेर मशीन विकून ३०,००० येतील असं धरलं.

म्हणून मशीनची रोख अशी: ३,००,०००, ३,००,०००, २,००,०००, १,००,००० आणि ५०,०००.

सोलरचं गणित वेगळं. इंदूरच्या उन्हात एका किलोवॉटमागे वर्षाला साधारण १,४०० युनिट धरता येतात, म्हणजे २० किलोवॉटचे २८,०००. कारखान्याच्या बिलात वाचणारा दर युनिटला ७.५० धरला, तर २,१०,००० होतात. पॅनेल धुणं आणि किरकोळ देखभाल १०,०००, उरले २,००,०००. इथे लोक हमखास चुकतात. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा दर काढतात. त्यात फिक्स्ड चार्जही येतो, आणि तो सोलर बसवल्यावरही भरावाच लागतो. बिलावर ऊर्जा शुल्काची ओळ वेगळी असते. तिथला दर आणि त्यावर लागणारे, युनिटबरोबर कमी होणारे आकारच घ्या.

ह्या टप्प्यावरच्या दोन चुका मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत केल्या आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली, घसारा वजा करणं. घसारा म्हणजे वहीतली नोंद आहे, त्या दिवशी गल्ल्यातून पैसा जात नाही. आठ लाख तुम्ही सुरुवातीलाच पूर्ण वजा केलेत, मग दरवर्षी घसारा काढलात तर तोच खर्च दोनदा लागतो. घसाऱ्यामुळे वाचणारा आयकर मात्र खरी रोख आहे. तो धरायचा तर सीएकडून वर्षवार आकडा घ्या. इथे मी दोन्ही बाजूंचा हिशेब कराआधीचा ठेवला आहे.

दुसरी, कर्जाचा हप्ता किंवा व्याज वजा करणं. पैशाची किंमत पुढे टप्पा ६ मध्ये दरातून येणार आहे. इथे व्याज वजा करून तिथे पुन्हा दर लावला, तर तुम्ही एकच व्याज दोनदा भरता आणि चांगला प्रस्तावही मरतो.

तपासा: प्रत्येक वर्षाच्या आकड्यापुढे "हा पैसा बँकेत कुठून येईल?" ह्याचं एका ओळीत उत्तर लिहिता आलं पाहिजे. उत्तर सुचलं नाही तो आकडा खोडा.

## टप्पा ४: साधा पेबॅक, पण चालत्या बाकीने

गुंतवणूक उणे लिहा आणि दरवर्षीची रोख मिळवत जा. बाकी शून्यावर आली की पैसे सुटले.

मशीन: उणे ८,००,०००, पहिल्या वर्षानंतर उणे ५,००,०००, दुसऱ्यानंतर उणे २,००,०००, तिसऱ्यानंतर शून्य. पेबॅक बरोबर ३ वर्षं.

सोलर: दरवर्षी २,००,०००, म्हणून १०,००,००० सुटायला ५ वर्षं.

भागाकाराची सोय फक्त सपाट रोखीला आहे. मशीनच्या पाच वर्षांची सरासरी काढली तर १,९०,००० येते आणि पेबॅक ४ वर्षांपलीकडे जातो. पहिल्या वर्षाने भागलं तर २ वर्षं ८ महिने येतात. खरं उत्तर ३. रोख चढ-उताराची असेल तर चालती बाकी सोडून दुसरा मार्ग नाही.

काकूंनी इथेच वही मिटली. मशीन तीन वर्षांत, सोलर पाच वर्षांत, नियम तीनचा. माझं म्हणणं एवढंच होतं की ह्या उत्तराने कुठे पाहिलंच नाही ते आधी पाहू.

## टप्पा ५: पेबॅकने कुठे पाहिलं नाही ते लिहून काढा

हा टप्पा आकडेमोडीचा नाही, पण टाळू नका. दोन जागा आहेत आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत.

पहिली जागा, पैसे सुटतात त्या रेषेच्या अलीकडे. तिसऱ्या वर्षी येणारे २,००,००० आणि आज दिलेले २,००,००० पेबॅकने सारखेच मानले. मशीनची बाकी तिसऱ्या वर्षी शून्य झाली म्हणजे आठ लाख रुपये तीन वर्षं बिनव्याजी वापरून परत आले. मुद्दल सुटलं, व्याजाचा एक पैसाही नाही. दिवाळीआधी बेसन आणि तेल भरायला हेच कुटुंब बँकेकडून कॅश क्रेडिट उचलतं आणि त्यावर महिन्याला व्याज भरतं. तेव्हा बिनव्याजी पैसा त्यांच्याकडे नाही, हे काकूंना सांगावं लागलं नाही.

दुसरी जागा, रेषेच्या पलीकडे. पैसे सुटल्यानंतर काय येतं ते पेबॅक बघतच नाही. तीन वर्षांनंतर मशीन एकूण १,५०,००० देतं आणि संपतं. पाच वर्षांनंतर सोलर दरवर्षी २,००,००० देत राहतं. पॅनेलवर साधारण २५ वर्षांची उत्पादन-हमी असते, मी सावधपणे १५ वर्षंच धरली. पेबॅकच्या कागदावर ही दहा वर्षं नाहीतच.

ह्या दोन जागा वेगळ्या लिहून ठेवा, कारण व्याज धरून काढलेला पेबॅक, म्हणजे डिस्काउंटेड पेबॅक, पहिलीच दुरुस्त करतो.

## टप्पा ६: दर ठरवा

पुढच्या पैशाला आजच्या किमतीत आणायचं तर दर लागतो. एफडीचा दर घेऊ नका, कारखान्यातला पैसा एफडीइतका सुरक्षित नसतो. ह्या घराला मुदत कर्ज ११ टक्क्यांनी मिळत होतं, स्वतःच्या पैशावर त्याहून थोडं जास्त सुटायला हवं, म्हणून आम्ही १२ टक्के धरले. दोन्ही प्रस्तावांना आधी एकच दर लावा, नंतर हवं तर धोका बघून वेगळा करा.

सावध, महागाईची सरमिसळ: बँकेच्या दरात महागाई आधीच आहे. तुम्ही विजेचा दर पंधरा वर्षं ७.५० वर गोठवून ठेवला आणि त्यावर पूर्ण १२ टक्के लावले, तर सोलरवर अन्याय होतो. दोनच मार्ग शुद्ध आहेत. एकतर वीजदर आणि देखभाल दरवर्षी वाढवत न्या आणि १२ टक्के लावा. नाहीतर आकडे आजच्या भावात ठेवा आणि दरातून महागाई काढा: महागाई ५ टक्के धरली तर १.१२ भागिले १.०५, म्हणजे सुमारे ६.७ टक्के. ह्या दुसऱ्या मार्गाने सोलरचा डिस्काउंटेड पेबॅक सुमारे सव्वासहा वर्षं येतो. खाली मी गोठवलेले आकडे आणि १२ टक्के असाच कडक हिशेब मुद्दाम ठेवला आहे. त्यात सोलर टिकलं तर सवलतीच्या हिशेबात टिकेलच. मशीनच्या पाच वर्षांत ह्याने फारसा फरक पडत नाही असं समजू नका, तिथेही मजुरी वाढेल. पण जॉबवर्क आटणं हा तिथला मोठा मुद्दा आहे.

सावध, भीतीचे दुहेरी पैसे: काही जण धोका वाटतो म्हणून दर १८ टक्के करतात आणि त्याच भीतीपोटी मर्यादाही तीन वर्षांची ठेवतात. भीती एकाच ठिकाणी मोजा.

## टप्पा ७: डिस्काउंटेड पेबॅक काढा

शीटमध्ये पाच रकाने करा. A मध्ये वर्ष, शून्यापासून. B मध्ये रोख, शून्य वर्षाची उणे. D मध्ये आजची किंमत, E मध्ये चालती बाकी. C मोकळा ठेवा, शेरे लिहायला. दर H1 मध्ये.

```
D2: =B2/(1+$H$1)^A2
E2: =SUM($D$2:D2)
```

दोन्ही सूत्रं खाली ओढा. मशीनचा तक्ता असा भरतो:

| वर्ष | रोख | आजची किंमत | चालती बाकी |
|---|---|---|---|
| ० | −८,००,००० | −८,००,००० | −८,००,००० |
| १ | ३,००,००० | २,६७,८५७ | −५,३२,१४३ |
| २ | ३,००,००० | २,३९,१५८ | −२,९२,९८५ |
| ३ | २,००,००० | १,४२,३५६ | −१,५०,६२९ |
| ४ | १,००,००० | ६३,५५२ | −८७,०७७ |
| ५ | ५०,००० | २८,३७१ | −५८,७०६ |

साध्या हिशेबात ज्या ओळीवर शून्य होतं, तिथे इथे दीड लाखांचा खड्डा आहे. पुढच्या दोन वर्षांत तो भरत नाही. म्हणजे १२ टक्क्यांनी ह्या मशीनचे पैसे कधीच सुटत नाहीत. शेवटच्या ओळीवर काकूंनी बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. "तीन वर्षांत सुटत होते ना?" त्यांनी विचारलं. सुटत होते, पण नुसतं मुद्दल.

सोलरची बाकी आठव्या वर्षाअखेर उणे ६,४७२ असते आणि नवव्या वर्षाची आजची किंमत ७२,१२२ आहे. भागाकार केला तर महिनाभर. डिस्काउंटेड पेबॅक ८ वर्षं १ महिना.

तपासा: शेवटची चालती बाकी आणि आजच्या किमतींची बेरीज काढणारं शीटचं NPV सूत्र एकच उत्तर देतात का ते बघा.

```
=NPV(H1,B3:B7)+B2
```

B2 कंसाच्या बाहेर आहे, हे नीट पाहा. NPV आपल्या कंसातला पहिला आकडा वर्षाअखेरचा धरतं. शून्य वर्ष आत टाकलंत तर सगळंच एक वर्ष पुढे ढकललं जातं आणि उत्तर तक्त्याशी जुळत नाही. जुळलं नाही तर आधी हेच तपासा.

झटपट तपासणी, सपाट रोखीसाठी: १०० ला दराने भागा. १२ टक्क्यांना ८.३३ येतात. साधा पेबॅक ह्याहून लांब असेल तर डिस्काउंटेड पेबॅक कधीच येणार नाही, यंत्र शंभर वर्षं चाललं तरी. त्याच्या अलीकडेही ताण वेगाने वाढतो. साधा ३ असेल तर डिस्काउंटेड जवळपास ४ येतो, ५ चे ८ होतात आणि ७ चे १६. म्हणून साध्या पेबॅकसाठी ठरवलेली मर्यादा जशीच्या तशी डिस्काउंटेडला लावणं ही मोठी गफलत आहे. काकूंची तीन वर्षं ही साध्या हिशेबाची मर्यादा होती.

## टप्पा ८: उत्तर मिळालं तरी शेवटच्या वर्षापर्यंत जा

आता दुसरी चूक. व्याज धरल्यावर मुलाने मर्यादा वाढवून पाच वर्षं केली. मशीन नापास, हे बरोबर. सोलरला आठ वर्षं, म्हणून तेही नापास, हे चूक. डिस्काउंटेड पेबॅकने रेषेच्या अलीकडचा दोष काढला, पलीकडे तो साध्या पेबॅकइतकाच आंधळा आहे. मर्यादा पाच ठेवली की पाचव्या वर्षानंतरचा सगळा पैसा पुन्हा कागदाबाहेर जातो.

म्हणून चालती बाकी आयुष्य संपेपर्यंत चालवा. सोलरची १५ वर्षं घेतली, अकराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलायला १,००,००० धरले, म्हणजे त्या वर्षी रोख फक्त १,००,०००. सगळ्यांची आजची किंमत १३,३३,४२५ झाली. गुंतवणूक वजा जाता ३,३३,४२५ उरले. पॅनेलचं उत्पादन वर्षाला साधारण अर्धा टक्का घटतं, ते मी इथे धरलं नाही, पण वीजदर गोठवलेला आहे आणि त्या बाजूची सावधगिरी ह्याहून मोठी आहे.

दोन उत्तरं शेजारी ठेवा: तीन वर्षांत सुटणारं मशीन ५८,७०६ चा तोटा देतं, आठ वर्षांत सुटणारं सोलर सव्वातीन लाखांवर नफा देतं. दोघांची आयुष्यं वेगळी आहेत, तेव्हा हे आकडे थेट एकमेकांतून वजा करू नका. पण एक उणे आणि एक अधिक असताना कौल लावायला ते पुरे आहेत.

डिस्काउंटेड पेबॅकचं उत्तर वाचायचा नियम मी असा ठेवतो. बाकी आयुष्याच्या आत शून्यावर आली आणि नंतर मोठा खर्च नसेल, तर प्रस्ताव व्याजासकट भरून निघतो, हे पक्कं. बाकी मर्यादेपलीकडे शून्यावर आली, तर एवढंच कळतं की वेळ लागेल. प्रस्ताव वाईट आहे हे त्यावरून कळत नाही. बाकी आयुष्यभर शून्यावर आलीच नाही, तर मात्र नको म्हणा.

सावध: "नंतर मोठा खर्च नसेल" ही अट विसरू नका. भाड्याच्या शेडवर सोलर बसवलं आणि शेड सोडताना छत पूर्ववत करून द्यायचं असेल, किंवा महागडा सुटा भाग बदलायचा असेल, तर शून्यावर आलेली बाकी पुन्हा उणे होऊ शकते. आमच्या इन्व्हर्टरच्या वर्षी ती अधिकच राहिली. तुमच्याकडे राहते का ते E रकान्यात डोळ्यांनी बघा. पहिलं शून्य दिसलं की वाचन थांबवू नका.

पेबॅकचे महिने कुठे खरोखर कामाचे आहेत, तेही सांगतो. शेडचा करार सहा वर्षांचा असेल तर आठ वर्षांचं सोलर घेऊ नये, तिथे मर्यादा कराराने घातलेली आहे. दिवाळीआधी कॅश क्रेडिट काठोकाठ भरत असेल तर पैसा किती काळ अडकणार हा जगण्याचा प्रश्न आहे. ह्या कुटुंबाची शेड त्यांच्याकडेच राहणार होती, आणि सोलरचे सात लाख मुदत कर्जातून येणार होते, म्हणून त्यांच्यापुढे ही अडचण नव्हती. मर्यादा लावायची तर अशा एखाद्या कारणाने लावा आणि ते कारण शीटवर लिहा.

## टप्पा ९: प्रश्न उलटा विचारा

मशीन नापास झालं म्हणजे फाईल फेकायची नाही. ५८,७०६ ची तूट कशाने भरेल, हे विचारायचं. आमच्याकडे सैल दुवा जॉबवर्कचा होता. चौथ्या वर्षी ते ६०,००० ऐवजी १,२०,००० राहिलं आणि पाचव्या वर्षी शून्याऐवजी ६०,००० आलं, तर रोख १,६०,००० आणि १,१०,००० होते. चौथ्या वर्षाअखेर बाकी उणे ४८,९४६, पाचव्या वर्षाची आजची किंमत ६२,४१७, आणि शेवटी अधिक १३,४७१.

इथे शीट तुम्हाला "४ वर्षं ९ महिने" असं सांगेल. ते मानू नका. महिन्यांचा भागाकार धरून चालतो की वर्षाचा पैसा बारा महिने सारखा येतो. पाचव्या वर्षाच्या १,१०,००० मध्ये ३०,००० हे मशीन विकल्याचे आहेत आणि ते वर्षाअखेरीलाच येतात. उरलेल्या ८०,००० ची आजची किंमत ४५,३९४, ती खड्ड्याला पुरत नाही. म्हणजे पैसे सुटतात ते मशीन भंगारात गेल्याच्या दिवशी. मोसमी धंद्यातही हेच होतं. दिवाळीचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, त्यामुळे "अमुक वर्षं तमुक महिने" ह्यातल्या महिन्यांवर भार देऊ नका.

मुलगा ते दोन आकडे चिठ्ठीवर लिहून शेजारच्या कारखान्यांकडे गेला. पाचव्या वर्षापर्यंत जॉबवर्क देऊ, असं लेखी द्यायला दोघांपैकी एकही तयार झाला नाही. सोलरची ऑर्डर गेली. मशीनची शीट काकूंनी तशीच ठेवली आहे. जॉबवर्कच्या दोन चौकटींना पिवळा रंग दिला आहे, आणि कोणी लेखी द्यायला आलं की त्यांना तेवढ्या दोनच चौकटी बदलायच्या आहेत.